चिंगीची पिशवी, चिंगीची बाटली

*डॉक्टर, आमची कुत्री चिंगी पाच वर्षांची, नसबंदी झालेली. पंधरा दिवसांपूर्वी नवं कोरडं खाद्य सुरू केलं, दहा किलोची पिशवी. पिशवीमागच्या तक्त्याचा फोटो काढून फोनवर मराठी करून घेतला. तेव्हा तिचं वजन १२.४ होतं, कमी पडायला नको म्हणून १५ किलोची ओळ धरली. त्यात शेवटी २२५ ग्रॅम आहे. सकाळ-संध्याकाळ तेवढं तोलून देते. आता ती १४ किलोची झाली आहे आणि पिशवीही अर्ध्याहून जास्त संपली! मागच्या पायाने लंगडते म्हणून परवा दवाखान्यात नेलं. डॉक्टर म्हणाले वजन १२ हवं, एक इंजेक्शन दिलं आणि मेलॉक्सिकॅम या वेदनाशामकाची बाटली देऊन "लेबलप्रमाणे द्या" म्हणाले. लेबलाच्या एका फोटोत १.५ येतं, दुसऱ्यात १५. "पहिल्या दिवशी ०.२, मग देखभाल डोस ०.१" म्हणजे काय? पिचकारीवर मिली नाहीतच, किलो आहेत. शिवाय पिशवीवर व्हिटॅमिन ई ६०० मिग्रॅ/किलो आहे, ते १४ किलोला वेगळं द्यायचं का? आणि दोन्ही "थंड जागी" म्हणजे फ्रीजमध्येच ना? फोटो सोबत जोडले आहेत.*

ताई,

बाटलीचं बूच अजून उघडलं नसेल तर आज उघडू नका. आधी दवाखान्यात फोन करून एवढंच विचारा, की परवा टोचलेलं इंजेक्शन कोणतं होतं. का, ते पुढे येतंच. खाद्य मात्र आजच्या संध्याकाळपासून बदलता येईल, म्हणून तिथून सुरू करते.

तुमचे फोटो मोठे करून पाहिले. पिशवी फुगीर असल्यामुळे तक्त्याची उजवी बाजू वळली आहे आणि मधोमध चकाकी आहे. त्यामुळे फोनला तक्ता तक्त्यासारखा दिसलाच नाही. त्याने सगळे आकडे एकाखाली एक ओतले, आणि वरचं शीर्षक भलतीकडे, खाली घसरलं. तिथे "दैनिक रक्कम" असं आलंय. फोनला अमाउंट म्हटलं की पैसेच आठवतात. मुळात तिथे लिहिलंय ते असं: दिवसभराचं एकूण खाद्य, ग्रॅममध्ये. हे एका जेवणाचं माप नाही. म्हणजे २२५ हा आकडा दोन वाट्यांत विभागून द्यायचा होता; तुम्ही तो दोनदा दिलात. दिवसाला ४५० ग्रॅम झालं.

हे तुमच्या पिशवीनेच तुम्हाला सांगितलं होतं बघा. रोज २२५ ग्रॅम गेलं असतं तर दहा किलोची पिशवी ४४ दिवस पुरली असती. तुमची पंधरा दिवसांत पावणेसात किलो रिकामी झाली. नवी पिशवी उघडली की मी लोकांना हा भागाकार आधी करायला सांगते. पिशवीच्या वजनाला रोजच्या ग्रॅमने भागायचं आणि येईल ती तारीख कॅलेंडरवर टाकायची. पिशवी त्याच्या बरीच आधी संपली तर एक तर आकडा चुकीचा वाचलाय, नाहीतर घरात कोणीतरी गुपचूप वाढतंय.

आता ओळ कोणती आणि रकाना कोणता. तुमच्या तक्त्यात चार ओळी आहेत: ५ किलोला ८५ ते १००, १० किलोला १४५ ते १६५, १५ किलोला १९५ ते २२५, २० किलोला २४५ ते २८०. प्रत्येक ओळीत दोन आकडे का? त्यातला डावा कमी हालचालीच्या कुत्र्यासाठी आणि उजवा भरपूर पळणाऱ्यासाठी. फोटोत वरची दोन छोटी चित्रं आहेत ना, एक लोळणारं कुत्रं आणि एक धावणारं, तेच ते. चित्रांचं भाषांतर होत नाही, त्यामुळे तुमच्या मराठी तक्त्यात ती आलीच नाहीत. चिंगीची नसबंदी झाली आहे आणि सध्या ती लंगडते आहे, म्हणून तिचा रकाना डावा. नसबंदीनंतर भूक बहुधा वाढते आणि शरीराला लागणारी ऊर्जा मात्र घटते, त्यामुळे अशा कुत्र्यांसाठी उजवा रकाना क्वचितच खरा ठरतो.

ओळ धरायची ती आजच्या वजनाची नव्हे, हव्या त्या वजनाची. तुमच्या मराठी तक्त्यात पहिल्या रकान्यावर "लक्ष्य वजन" असं आलंय, ते फोनने बरोबर केलंय. लठ्ठ कुत्र्याच्या आजच्या वजनावर खाद्य काढलं तर आपण त्याची चरबीच पोसत राहतो. चिंगीचं हवं ते वजन १२. तक्त्यात १२ची ओळ नाही, पण दोन ओळींच्या मधला आकडा काढणं सोपं आहे. डाव्या रकान्यात १० किलोला १४५ आणि १५ किलोला १९५, म्हणजे पाच किलोंत ५० ग्रॅम वाढले, एका किलोला १० ग्रॅम. १२ हे १०च्या दोन पुढे, म्हणून १४५ अधिक २०, म्हणजे १६५ ग्रॅम. हे दिवसाचं. सकाळी ८०, संध्याकाळी ८५. तुम्ही देत होतात त्याच्या जवळजवळ एक तृतीयांश.

हा हिशेब दुसऱ्या बाजूनेही पडताळून पाहिला. तुमच्या पिशवीवर एका कोपऱ्यात ऊर्जा दिली आहे, ३७०० किलोकॅलरी प्रतिकिलो. म्हणजे एका ग्रॅमला ३.७. तर १६५ ग्रॅमचे साधारण ६१० किलोकॅलरी होतात. बारा किलोच्या, नसबंदी झालेल्या, फारसं न पळणाऱ्या कुत्रीला एवढं पुरतं. दिवसाला ४५० ग्रॅम म्हणजे सोळाशेच्या वर. तेवढं चाळीस किलोच्या आसपासचं कुत्रं खातं. पंधरा दिवसांत दीड किलो वाढलं ते असं.

एक गोष्ट इथे नजरेत ठेवा, कारण फोटोतला तक्ता बरोबर उतरला की नाही हे तिच्यावरून कळतं. खाद्याचा तक्ता सरळ चढत नाही, तो वाकत जातो. १० किलोला १४५ आणि २० किलोला २४५, म्हणजे वजन दुप्पट झालं तरी खाद्य दुप्पट झालं नाही. मोठ्या शरीराला किलोमागे कमी इंधन लागतं. आम्ही हिशेब करताना वजनाचा पाऊण घात घेतो, आणि वजन दुप्पट झालं की तो सुमारे १.६८ पट होतो. म्हणून ५ किलोच्या ओळीवरून "किलोला १७ ग्रॅम" असा भाव काढून १२ने गुणलंत तर २०४ येईल, आणि ते जास्त आहे. शेजारच्या दोन ओळींमधून काढा, दुरून गुणू नका. आणि फोनने वाचलेल्या तक्त्यात एखादी ओळ वरच्या ओळीपेक्षा लहान निघाली किंवा एकदम दुप्पट-तिप्पट उडाली, तर समजा की आकडा गळलाय किंवा रकाना सरकलाय. तेव्हा पिशवी उघडून सपाट करा, तक्ता टेबलावर पसरवा आणि दिव्याच्या थेट खाली न धरता बाजूने उजेड घेऊन फोटो काढा. शीर्षक आणि तक्त्याखालची बारीक टीप दोन्ही एकाच चौकटीत यायला हवीत.

ज्यांच्या घरी पिल्लू आहे त्यांच्यासाठी जाता जाता: पिल्लाच्या तक्त्यातलं वजन बहुधा मोठेपणी होईल ते वजन असतं आणि आडवे रकाने वयाचे असतात. आजच्या चार किलोंची ओळ शोधलीत तर मोठ्या जातीचं पिल्लू उपाशी राहील.

चिंगीला एकदम १६५ वर आणायला जीव होत नसेल तर चार दिवसांत उतरवा; पण पाचव्या दिवशी १६५, आणि त्यात खाऊ धरून. तक्ता असं गृहीत धरतो की कुत्रं दुसरं काहीच खात नाही. खाऊ द्यायचाच तर दिवसाच्या ऊर्जेच्या दहाव्या हिश्श्यात बसवा, म्हणजे साधारण ६० किलोकॅलरी, आणि तेवढे १६ ग्रॅम वाटीतून काढा. दर आठवड्याला त्याच काट्यावर वजन करा. वजन आठवड्याला शेकडा एक ते दोनने उतरलं की ठीक, म्हणजे १४ किलोला १४० ते २८० ग्रॅम. महिनाभर काटा हलला नाही तर स्वतःहून आणखी कापू नका. साधं खाद्य फार कमी केलं की कॅलरीबरोबर प्रथिनं आणि क्षारही कमी पडतात. तिथे वजन उतरवण्यासाठी बनवलेलं वेगळं खाद्य लागतं. आणि १६५ वर असूनही वजन वाढतच राहिलं तर थायरॉइडची तपासणी करायला सांगा.

व्हिटॅमिन ई वेगळं काहीही द्यायचं नाही. तुमचा घोळ मला कळतो, कारण औषधाच्या लेबलावरही "मिग्रॅ/किलो" आणि पिशवीवरही "मिग्रॅ/किलो". फरक कोणत्या किलोत आहे एवढाच. पिशवीवरचा किलो खाद्याचा आहे. एक किलो दाण्यांत ६०० मिलिग्रॅम व्हिटॅमिन ई आधीच मिसळलेलं आहे. १६५ ग्रॅममधून चिंगीच्या पोटात रोज ९९ मिलिग्रॅम जातं आणि विषय संपतो. त्याच्या वर, जरा डावीकडे "ॲडिटिव्हज पर केजी" असं आहे. तुमच्या फोटोत ती ओळ अर्धी कापली गेली आहे. ते ६००ला १४ने गुणून ८४०० मिलिग्रॅम काढणारी मंडळी मी पाहिली आहेत, आणि ती हुशार मंडळी होती.

औषधाच्या लेबलावरचा किलो मात्र कुत्र्याच्या अंगाचा आहे.

तुमच्या दोन फोटोंतला १.५ हा खरा. बाटली मी ताणून पाहिली, टिंब आहे. दुसऱ्या फोटोत ते कागदाच्या सुरकुतीत गेलं. कुत्र्यांसाठीचं मेलॉक्सिकॅमचं पातळ औषध बहुधा मिलीला दीड मिलिग्रॅम या ताकदीचं मिळतं आणि मांजरांसाठीचं मिलीला अर्धा मिलिग्रॅम. नाव एकच, ताकदीत तिपटीचा फरक, म्हणून बाटलीचा फोटो काढताना नाव आणि ताकद एकत्र घ्या. आणखी एक, युरोपातल्या बऱ्याच देशांत छापलेल्या लेबलावर दशांशासाठी टिंबाऐवजी स्वल्पविराम असतो. तिथे १,५ म्हणजे दीडच. फोन कधी तो स्वल्पविराम खाऊन टाकतो, कधी तिथे दोन आकडे करतो.

चिंगीचा हिशेब करून दाखवते, म्हणजे पिचकारीवरचे किलो कुठून आले ते कळेल. "देखभाल डोस" म्हणजे रोज चालू ठेवायचा डोस. इंग्रजी शब्दाचं ते शब्दशः रूप आहे. तो किलोला ०.१ मिलिग्रॅम. चिंगी १४ किलोची, म्हणून १.४ मिलिग्रॅम. एका मिलीत दीड मिलिग्रॅम आहे, म्हणून १.४ला १.५ने भागायचं: ०.९३ मिली. एक मिलीसुद्धा नाही. पिचकारी बनवणाऱ्याने हा भागाकार तुमच्यासाठी आधीच करून ठेवलाय आणि ०.९३ मिलीच्या जागी रेघ मारून शेजारी १४ लिहिलंय. पिचकारीवरचा १४ म्हणजे "चौदा किलोच्या कुत्र्याला पुरेल एवढं". तो मिलीचा आकडा नाही. हा तक्ता खाद्याच्या तक्त्यासारखा वाकत नाही, सरळ चढतो. ५च्या रेघेपर्यंत जेवढं औषध मावतं त्याच्या बरोबर दुप्पट १०च्या रेघेपर्यंत मावतं.

घोटाळा होतो तो पिचकारी हरवल्यावर. माझ्याकडे एकदा एक गृहस्थ त्यांचं कुत्रं घेऊन आले, दोन दिवस उलट्या, जेवण बंद, विष्ठा डांबरासारखी काळी. बाटलीची पिचकारी घरात कुठेतरी पडली होती, म्हणून त्यांनी साधी वीस मिलीची सिरिंज घेतली. "रोज १२ पर्यंत भरायचं" एवढं त्यांच्या लक्षात होतं. त्यांनी ते १२ मिली भरलं. बारा किलोच्या कुत्र्याला ०.८ मिली हवं होतं. त्याला पंधरा पट गेलं. काळी विष्ठा म्हणजे पोटात किंवा आतड्यात रक्तस्राव. ते कुत्रं वाचलं, पण आठवडाभर सलाइनवर होतं. तेव्हापासून मी चिठ्ठीवर किलो लिहीतच नाही, मिली लिहिते. तुमच्या डॉक्टरांनाही "लेबलप्रमाणे"च्या जागी मिली लिहून द्यायला सांगा. त्यात कोणाला वाईट वाटायचं कारण नाही.

आता इंजेक्शन. लेबलावर पहिल्या दिवशी ०.२ आहे, म्हणजे रोजच्या दुप्पट. औषध रक्तात लवकर चढावं म्हणून पहिला डोस मोठा असतो. चिंगीला तो १.८७ मिली होईल, म्हणजे पिचकारी १४पर्यंत दोनदा. पण मेलॉक्सिकॅमचं इंजेक्शनही असतं आणि कुत्र्याला ते किलोला ०.२ याच हिशेबाने टोचतात. परवा तेच टोचलं असेल तर पहिला मोठा डोस झालेला आहे. इंजेक्शनच्या चोवीस तासांनंतरचा डोस रोजचाच, ०.१चा. अशा वेळी लेबलाचं पहिलं वाक्य तंतोतंत पाळलं की मोठा डोस दोनदा जातो. आणि ते इंजेक्शन स्टेरॉइडचं असेल तर गोष्ट आणखी वेगळी. स्टेरॉइड आणि मेलॉक्सिकॅम एकत्र देत नाहीत, मध्ये अंतर ठेवावं लागतं, आणि किती ते तुमचे डॉक्टरच सांगतील. म्हणून म्हटलं, बूच उघडण्याआधी फोन. त्याच फोनवर वजनही विचारून घ्या. खाद्य १२वर काढलं, पण औषधाच्या लेबलावरचं "बॉडी वेट" म्हणजे आजचं, काट्यावरचं वजन. काही डॉक्टर लठ्ठ जनावराला मुद्दाम कमी धरतात. १२ला ०.८ आणि १४ला ०.९३, हा फरक त्यांनी ठरवायचा. चिंगीचं वजन उतरत जाईल तशी रेघही खाली येईल, हेही विचारून ठेवा.

द्यायचं ठरलं की जेवणाबरोबर द्या. बाटली आधी नीट हलवा, नुसती कलती करून भागत नाही. हे औषध पाण्यात विरघळलेलं नसतं, बारीक कणांनी तरंगत असतं आणि उभ्या बाटलीत तळाशी बसतं. न हलवता देत गेलात तर सुरुवातीचे दिवस पातळ जातात, कुत्रं लंगडतच राहतं, आणि शेवटच्या आठवड्यात तळाचा घट्ट भाग पोटात जातो. लोक मग म्हणतात, महिनाभर चाललं आणि एकदम बाधलं. पिचकारीत बुडबुडा राहिला असेल तर तो परत बाटलीत सोडा आणि पुन्हा ओढा, ०.९३ मिलीत बुडबुड्याचाही हिस्सा मोठा असतो.

उलटी, जेवण सोडणं, पातळ किंवा काळी विष्ठा, नेहमीपेक्षा खूप पाणी पिणं, यांतलं काहीही दिसलं तर पुढचा डोस देऊ नका आणि दवाखान्यात कळवा. ज्या दिवशी तिला जुलाब होत असतील किंवा ती पाणी पीत नसेल, त्या दिवशीही विचारल्याशिवाय नको, कारण शरीरात पाणी कमी असताना हे औषध मूत्रपिंडांना बाधतं. माणसांची वेदनाशामक गोळी जोडीला अजिबात नको.

राहिली साठवण. पिशवीवर "थंड, कोरड्या जागी" असं आलंय. इथलं थंड म्हणजे उन्हापासून आणि चुलीपासून लांब, फ्रीज नव्हे. फ्रीजमधून रोज बाहेर येणाऱ्या पिशवीत हवेतली वाफ दाण्यांवर थिजते, दाणे ओलसर होतात आणि बुरशीला आमंत्रण मिळतं. कोरड्या खाद्याचा मुख्य शत्रू म्हणजे हवा आणि उष्णता, कारण दाण्यांवर चरबीचा थर फवारलेला असतो आणि तो खवट होतो. खवट झालं की आधी वासात कळतं, जुन्या तेलासारखा किंवा रंगासारखा उग्र. चिंगी वाटी हुंगून मागे सरली तर आधी पिशवीचा वास घ्या.

दाणे डब्यात ओतून पिशवी फेकू नका. पिशवी तशीच घडी घालून, हवा काढून डब्यात ठेवा. पिशवीचं आतलं अस्तर चरबी धरून ठेवण्यासाठीच केलेलं असतं, उलट डब्याच्या भिंतीला जुनं तेल चिकटून राहतं आणि नव्या दाण्यांना लागतं. शिवाय बॅच नंबर पिशवीवरच असतो. उद्या कुत्रं आजारी पडलं आणि खाद्यावर संशय आला तर त्या नंबराशिवाय तक्रारीला पुढे जाता येत नाही. त्या नंबराचा फोटो आजच काढून ठेवा, हाताळून शाई पुसली जाते. पिशवीवरची "बेस्ट बिफोर" तारीख न उघडलेल्या पिशवीची असते. उघडल्यावर साधारण दीड महिन्यात संपवावी. तुमच्या पिशवीत आता सव्वातीन किलो उरलंय, १६५ने ते वीस दिवस जाईल, म्हणजे ही वेळेत संपेल. पुढची दहा किलोची मात्र घेऊ नका. नव्या हिशेबाने ती साठ दिवस चालेल. सात किलोच्या आतली पुरे.

बाटलीचं भाषांतर नीट वाचा, कारण तिथे फोनने मराठीचा घोळ केलाय. "२५ अंशांवर साठवू नका" असं आलंय, आणि तुम्ही शेजारी पेनने "मग कितीवर?" असं लिहिलंय. मुळात आहे "२५ अंशांपेक्षा जास्त तापमानात ठेवू नका". त्याच ओळीत "गोठवू नका" हेही आहे. म्हणजे घरातली सावलीतली, उबेपासून लांबची कपाटाची जागा चालेल. घरात पारा २५च्या वर जात असेल तर फ्रीजच्या दारात ठेवायला हरकत आहे का ते त्याच फोनवर विचारा. मागच्या बाजूला, गोठवण्याच्या कप्प्याला चिकटून तर नकोच.

त्याखाली "प्रथम उघडल्यानंतर शेल्फ आयुष्य ६ महिने" आहे. बाटलीवर छापलेली एक्सपायरी न उघडलेल्या बाटलीची. बूच निघालं की सहा महिन्यांचं वेगळं घड्याळ सुरू होतं, आणि दोन्हींतली आधी येणारी तारीख खरी. त्यामुळे उघडाल त्या दिवशी बाटलीवरच पेनने तारीख लिहा, खोक्यावर नको, खोकं जातं. आणि "मुलांच्या नजरेआड" हे वाक्य चिंगीलाही लागू धरा. ही औषधं कुत्र्यांनी आवडीने घ्यावीत म्हणून चवदार केलेली असतात, आणि प्लॅस्टिकची बाटली चावून फोडायला चिंगीच्या आकाराच्या कुत्रीला पाच मिनिटं पुरतात.